प्रोस्टेट मोठी, लघवी शिल्लक आणि रात्रीचं उठणं: सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आल्यावर काय, कोणत्या क्रमाने करायचं

रिपोर्टवर दोन ओळी असतात: प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली आहे आणि लघवी करून आल्यानंतर मूत्राशयात अमुक मिली लघवी शिल्लक आहे. रात्री तीन-चार वेळा उठणारा माणूस या दोन ओळी वाचतो आणि लगेच ठरवतो, की उठण्याचं कारण सापडलं. मग एक तर ओळखीच्या कुणाची तरी गोळी सुरू होते, नाही तर थेट ऑपरेशनची चर्चा.

इथे तीन वेगळे प्रश्न एकात मिसळले जातात. ग्रंथी किती मोठी आहे, ती लघवीची वाट किती अडवते आणि रात्री जाग का येते. पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर कळत नाही आणि पहिल्या दोन्हींवरून तिसऱ्याचंही नक्की कळत नाही. २८ ग्रॅमची ग्रंथी वाट पुरती अडवू शकते आणि ८० ग्रॅमची ग्रंथी बाळगणारा माणूस धार जोरात सोडून निवांत झोपू शकतो. म्हणून खालचा क्रम मोडू नका. सगळ्यात जास्त चुका दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यात होतात, म्हणून तिथे थोडं सविस्तर लिहिलं आहे.

## टप्पा ० : वाट पाहायची नाही अशा गोष्टी

पुढचं सगळं वाचण्याआधी यातलं काही आहे का ते पाहा.

- लघवी पूर्ण अडली आहे, ओटीपोट फुगून दुखतंय. लगेच रुग्णालयात जा, नळी घालून लघवी काढावी लागते. घरी आणखी पाणी पिऊन धार सुरू होत नाही, दुखणं मात्र वाढतं.
- लघवीला जळजळ आणि सोबत थंडी वाजून ताप.
- लघवीत रक्त किंवा रक्ताच्या गाठी, एकदाच दिसल्या असल्या तरी.
- पायांतली ताकद अचानक कमी झाली किंवा जांघेत, बैठकीच्या जागी बधिरपणा आला. हा मणक्याचा प्रश्न असू शकतो. त्याच दिवशी दाखवा.
- रिपोर्टमध्ये ‘हायड्रोनेफ्रोसिस’ हा शब्द आहे, म्हणजे मूत्रपिंडाला फुगवटा आहे, किंवा रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं आहे.
- झोपेत नकळत अंथरूण ओलं होतंय.

शेवटची गोष्ट लाजेपोटी कुणी सांगत नाही, पण ती फार महत्त्वाची आहे. उतारवयात नव्याने अंथरूण ओलं होऊ लागलं, तर मूत्राशय कायम तुडुंब भरलेलं असून वरचं ओसंडून जातंय अशी शक्यता असते. यात बऱ्याचदा दुखत नाही, म्हणून माणूस बेफिकीर राहतो आणि मागे मूत्रपिंडावर ताण येत राहतो.

खात्री करा: यातलं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि युरॉलॉजिस्टला गाठा. नसेल तर पुढे जा. दोन-तीन आठवडे नीट मोजमाप करण्यात काही बिघडत नाही.

## टप्पा १ : रिपोर्टमधले नेमके आकडे शोधा

निष्कर्षाची शेवटची ओळ वाचून थांबू नका. आतल्या मजकुरात चार गोष्टी शोधून कागदावर लिहून घ्या.

पहिली, ग्रंथीचं आकारमान. ते ग्रॅममध्ये किंवा सीसीमध्ये दिलेलं असतं, दोन्ही जवळपास सारखंच. तीन मापांचा गुणाकार करून त्याला ०.५२ ने गुणतात. ४.६ × ४.२ × ४.० सेंटिमीटर असेल तर उत्तर सुमारे ४० येतं. तरुणपणी ही ग्रंथी २० ते २५ ग्रॅमच्या आसपास असते. वयाबरोबर ती वाढणं स्वाभाविक आहे. ‘ग्रेड १’, ‘ग्रेड २’ हे शब्द फक्त आकार सांगतात, त्रास किंवा धोका सांगत नाहीत.

दुसरी, ग्रंथीचा मधला भाग मूत्राशयात वर घुसला आहे का. ‘मिडियन लोब’ किंवा ‘इंट्राव्हेसिकल प्रोट्रुजन’ असं लिहिलेलं असेल आणि शेजारी मिलिमीटरचा आकडा असेल तर त्याच्याभोवती गोल करा. हा उंचवटा १० मिलिमीटरच्या वर असेल तर वाट अडण्याची शक्यता एकूण आकारावरून वाटते त्यापेक्षा जास्त असते, कारण तो लघवी करताना मूत्राशयाच्या तोंडावर झाकणासारखा बसतो.

तिसरी आणि चौथी गोष्ट म्हणजे लघवीआधी मूत्राशयात किती होतं (‘प्री-व्हॉइड’) आणि नंतर किती उरलं (‘पोस्ट-व्हॉइड’ किंवा ‘पीव्हीआर’). बहुतेक जण फक्त चौथा आकडा पाहतात. तिसऱ्याशिवाय चौथ्याला अर्थ नाही. का ते आता पाहू.

सावधान: सोनोग्राफीत ‘ग्रंथी साधी वाढलेली आहे’ असं लिहिलं म्हणजे कर्करोग नाही, असं होत नाही. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीचं ते कामच नाही. त्यासाठी पीएसएची रक्ततपासणी आणि डॉक्टरांनी बोटाने केलेली तपासणी वेगळी असते.

## टप्पा २ : शिल्लक लघवी पुन्हा आणि नीट मोजून घ्या

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. समजा, ६६ वर्षांचे एक गृहस्थ आहेत, वजन ७० किलो. रात्री तीनदा उठतात. रिपोर्ट सांगतो: ग्रंथी ४० ग्रॅम, लघवीआधी ६४० मिली, लघवीनंतर १७० मिली शिल्लक. १७० वाचून घरचे घाबरलेले आहेत.

आता त्या दिवशी काय घडलं ते पाहा. त्यांना सांगितलं होतं, ‘भरपूर पाणी पिऊन या आणि लघवी धरून ठेवा.’ ते लिटरभर पाणी पिऊन गेले. नंबर यायला तास-दीड तास लागला. तोवर ओटीपोट टणक झालं. पहिलं स्कॅनिंग झालं, बाहेर जाऊन घाईघाईत, दारावर टकटक ऐकत त्यांनी लघवी केली आणि परत आले तर आत दुसरा रुग्ण होता. दुसरं स्कॅनिंग २५ मिनिटांनी झालं.

इथे दोन चुका एकावर एक चढल्या. पहिली म्हणजे मूत्राशय प्रमाणाबाहेर ताणलं गेलं. मूत्राशयाची भिंत स्नायूची असते. रबराची पट्टी फार ताणली की तिची ओढ जाते, तसं ५०० मिलीच्या पुढे भरलेलं मूत्राशय बऱ्याच जणांचं नीट आकुंचन पावत नाही. निरोगी माणसाचंही काही उरतं. दुसरी चूक वेळेची. मूत्रपिंडं एरवी मिनिटाला १ ते २ मिली लघवी बनवतात, पण लिटरभर पाणी प्यायल्यावर हाच वेग १० मिलीपर्यंतही जातो. मधला ५ मिलीचा वेग धरला तरी २५ मिनिटांत १२५ मिली नवी लघवी जमा होते. १७० पैकी ‘उरलेली’ किती आणि ‘नव्याने आलेली’ किती, हे त्या रिपोर्टवरून सांगताच येत नाही.

पुन्हा तपासणी करताना असं करा:

१. जाण्याआधी साधारण तासभर दोन ग्लास, म्हणजे ४०० ते ५०० मिली पाणी प्या. लिटरभर नको.

२. एरवी ज्या वेळी तुम्ही उठून लघवीला गेला असता, तेवढीच लागली की सांगा. लघवी ‘लागलीय पण धरवतेय’ अशी असली पाहिजे. दुखेपर्यंत थांबू नका. फार ताण आला आणि नंबर लांब असेल तर सरळ लघवी करून या आणि पुन्हा भरू द्या.

३. पहिल्या स्कॅनिंगच्या वेळीच विचारून घ्या: ‘मी आलो की लगेच घ्याल ना?’ पाच ते दहा मिनिटांत दुसरं स्कॅनिंग व्हायला हवं.

४. शांतपणे, नेहमीच्या सवयीने लघवी करा. ‘आज पूर्ण खाली करतोच’ म्हणून जोर लावू नका, पोट दाबू नका. तुमची रोजची स्थिती मोजायची आहे.

५. जमल्यास मिलीच्या खुणा असलेलं मापाचं भांडं सोबत न्या आणि झालेली लघवी मोजा.

खात्री करा: लघवीआधीच्या आकड्यातून नंतरचा आकडा वजा केला की भांड्यातल्या मापाच्या जवळपास उत्तर यायला हवं. आपल्या गृहस्थांचं दुसऱ्या खेपेला आलं ३१० आणि ६०, फरक २५०. भांड्यात २४० भरले. हिशोब जुळला. सोनोग्राफीचं माप पंधरा-वीस टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, तेव्हा ६० चे ७० झाले म्हणून घाबरू नका आणि ५० झाले म्हणून पेढेही वाटू नका. पण भांड्यात शंभर मिलीचा फरक दिसला तर मोजमापात काहीतरी चुकलंय.

आता आकड्याचा अर्थ. कुठेही आखून दिलेली एकच रेषा नाही, पण व्यवहारात असं धरतात. ५० च्या आत असेल तर मूत्राशय चांगलं रिकामं होतंय. ५० ते १५० उतारवयात बरेचदा दिसतं. नजर ठेवायची, त्या आकड्यावर उपचार करायचे नाहीत. १५० ते २०० च्या पुढे दोन वेगळ्या दिवशी, नीट पद्धतीने मोजून आलं तर युरॉलॉजिस्टचा सल्ला घ्या. ३०० च्या पुढे सतत राहिलं तर क्रिएटिनिन आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी पाहिल्याशिवाय पुढचं काही ठरवू नका.

शक्य असेल तिथे ‘युरोफ्लो’ याच बैठकीत करून घ्यावा. यंत्राला जोडलेल्या भांड्यात लघवी करायची, ते धारेचा वेग मोजतं. सर्वांत जास्त वेग सेकंदाला १५ मिलीच्या वर असेल तर सहसा ठीक, १० च्या खाली असेल तर धार मंद. पण एकूण लघवी निदान १५० मिली झाली नसेल तर तो आलेख बाद समजा. आणखी एक मर्यादा लक्षात ठेवा. धार मंद आहे एवढंच हा आलेख सांगतो. वाट अडली म्हणून मंद की मूत्राशयाचाच जोर गेला म्हणून मंद, हे त्यात दिसत नाही. जुना मधुमेह असणाऱ्यांत दुसरं कारण बरेचदा असतं.

नेहमीचा गोंधळ: लघवी करून पँट सावरल्यावर दोन-चार थेंब गळतात, त्यालाच अनेक जण ‘शिल्लक लघवी’ समजतात. ते थेंब मूत्राशयातले नसतात, मूत्रनलिकेच्या वळणात अडकलेले असतात. वृषणांच्या मागच्या भागावर बोटांनी हलका दाब देत पुढे आणलं की ते निघून जातात. त्यासाठी गोळी लागत नाही.

## टप्पा ३ : तीन दिवसांची लघवीची वही

रात्री जाग का येते, याचं उत्तर सोनोग्राफीत नसतं. ते या वहीत असतं. डॉक्टर ही वही मागतात तेव्हा बहुतेक जण अंदाजाने ‘पाच-सहा वेळा, थोडी-थोडी’ असं सांगतात. अंदाजाचा काही उपयोग नाही, माप हवं.

साहित्य एवढंच: मिलीच्या खुणा असलेलं प्लॅस्टिकचं मापाचं भांडं, एक वही आणि पेन. भांडं संडासात नेहमीच्या जागी ठेवा. रात्रीसाठी वही आणि पेन भांड्याच्या शेजारीच ठेवा. सकाळी आठवून लिहू म्हटलं की रात्रीच्या दोन फेऱ्यांची एक होते.

तीन दिवस निवडा, सलग असायलाच हवेत असं नाही. प्रवास, उपास किंवा पाहुणचाराचा दिवस नको. रोजच्या गोळ्या, रोजचं पाणी, सगळं नेहमीसारखं चालू द्या. वही लिहायची म्हणून पाणी कमी कराल, तर वही खोटी होईल.

प्रत्येक वेळी लिहा: वेळ, किती मिली, घाई झाली होती का. काय प्यायलात आणि किती, तेही वेगळ्या रकान्यात. आणि दोन खुणा न चुकता: झोपायला गेल्याची वेळ आणि सकाळी कायमचं उठल्याची वेळ. या दोन खुणांशिवाय पुढचा हिशोब होतच नाही.

सर्वांत नेहमीची चूक: सकाळी उठल्यावरची पहिली लघवी ‘दिवसाची’ धरणं. ती रात्रभर बनलेली असते, म्हणून रात्रीच्या खात्यात जाते. उलट झोपण्याआधीची शेवटची लघवी दिवसाच्या खात्यात. ही एक नोंद इकडची तिकडे झाली तर सगळा निष्कर्ष उलटतो. मात्र ‘किती वेळा उठलो’ हे मोजताना सकाळची ती फेरी धरायची नाही.

## टप्पा ४ : वहीचा हिशोब

आपल्या गृहस्थांचा एक दिवस असा:

दिवसा: ८:०० ला १८०, १०:३० ला १६०, १:०० ला १९०, ४:०० ला १७०, संध्याकाळी ७:०० ला २००, झोपण्याआधी १०:१५ ला १५०. एकूण १०५० मिली.

रात्री: १२:१० ला २९०, २:२० ला ३१०, ४:१५ ला २७०, सकाळी ६:१० ला उठल्यावर २८०. एकूण ११५० मिली.

चोवीस तासांचे २२००. रात्रीचा वाटा ११५० भागिले २२००, म्हणजे ५२ टक्के.

आठ तासांची झोप म्हणजे दिवसाचा तिसरा हिस्सा. रात्री शरीर लघवी कमी बनवतं, तेव्हा वाटा एक तृतीयांशाच्या आत राहायला हवा. वयस्कर माणसात ३३ टक्क्यांच्या वर गेला की रात्री लघवी जास्त बनतेय असं समजतात. इथे निम्म्याहून जास्त आहे. आता प्रत्येक फेरीचं माप पाहा: २९०, ३१०, २७०. मूत्राशय पुरेसं भरतंय, म्हणून ते उठतायत. शिल्लक ६०. म्हणजे त्यांच्या उठण्याचा मुख्य दोष प्रोस्टेटकडे जात नाही. नळ चालू असेल तर बादली भरणारच, तिथे मोरीची जाळी साफ करून काय होणार?

मग शोध वेगळ्या दिशेने जातो. संध्याकाळी मोज्यांचे वळ उमटतात का, घोट्याला सूज येते का? दिवसभर पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर काढतात. रक्तदाबाची अम्लोडिपिन ही गोळी बऱ्याच जणांच्या घोट्यांना सूज आणते. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं यामुळेही रात्रीची लघवी वाढते. हृदय, मूत्रपिंड आणि साखर या तिन्हींची तपासणी इथे करायची असते.

आता दुसऱ्या एका माणसाची वही पाहा. दिवसभरात नऊ फेऱ्या, एकूण ११५० मिली. रात्री १००, ९०, ११०, ९० आणि सकाळची ११०, एकूण ५००. चोवीस तासांचे १६५०, रात्रीचा वाटा ३० टक्के. रात्री लघवी जास्त बनत नाही, पण कुठलीच फेरी १५० च्या पुढे जात नाही. नीट पद्धतीने मोजलेली शिल्लक २३०. इथे गणित सरळ लागतं: मूत्राशयात ३८० झाले की लागते, त्यात २३० आधीच बसलेले, मोकळी जागा १५०. ती दोन तासांत भरते आणि माणूस उठतो. या माणसाच्या बाबतीत प्रोस्टेटवर बोट ठेवायला जागा आहे.

तिसरा प्रकारही असतो: फेऱ्या छोट्या, पण शिल्लक ३०-४० च. तिथे मूत्राशयच चिडचिडं झालेलं असतं, संसर्ग किंवा खडाही असू शकतो. आणि चोवीस तासांचा एकूण आकडा वजनाच्या दर किलोला ४० मिलीच्या वर, म्हणजे ७० किलोच्या माणसाचा २८०० च्या वर गेला, तर प्रश्न रात्रीचा नसून एकूणच जास्त लघवीचा आहे. आधी साखर तपासा आणि पाणी किती पिता ते पाहा.

खात्री करा: तीनही दिवसांचा वाटा वेगवेगळा काढा. तिन्ही उत्तरं एकाच बाजूला झुकत असतील तर विश्वास ठेवा. एक ५० आणि एक २८ आला, तर त्या दोन रात्रींत काय वेगळं होतं ते आधी शोधा.

## टप्पा ५ : डॉक्टरकडे जाताना

सोनोग्राफीचे दोन्ही रिपोर्ट, वही आणि चालू गोळ्यांची पूर्ण यादी न्या. यादीत सर्दीच्या गोळ्याही लिहा. स्युडोएफेड्रिन मूत्राशयाचं तोंड आवळतं आणि क्लोरफेनिरामिनसारखी ॲलर्जीची औषधं मूत्राशयाचा जोर कमी करतात. लघवी अचानक अडून रात्री रुग्णालयात आलेल्यांना ‘दोन दिवसांत सर्दीची गोळी घेतलीत का?’ हा प्रश्न म्हणूनच विचारतात. नैराश्यासाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी देतात त्या अमिट्रिप्टिलिनचाही असाच परिणाम होतो.

तपासण्या साधारण या: साधी लघवी, गरज वाटली तर कल्चर, क्रिएटिनिन, साखर आणि पीएसए. पीएसए संसर्ग चालू असताना किंवा नळी घातल्यावर लगेच करू नका, आकडा उगाच वर जातो. संसर्ग बरा झाल्यावर सुमारे सहा आठवडे थांबतात. वीर्यपतनानंतर दोन दिवस जाऊ द्या. फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड चालू असेल तर आवर्जून सांगा. सहा महिन्यांनी ही औषधं पीएसए सुमारे निम्म्यावर आणतात, म्हणून आलेला आकडा दुप्पट करून वाचायचा असतो.

## टप्पा ६ : उपाय, तेही क्रमाने

आधी सवयी. एकूण पाणी कमी करू नका, फक्त झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांतलं कमी करा. चहा-कॉफी आणि दारू संध्याकाळनंतर बंद. घोट्याला सूज येत असेल तर दुपारनंतर तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडा, म्हणजे ते पाणी झोपण्याआधीच निघून जातं. झोपताना पाय उंच ठेवले तर उलटाच परिणाम होतो. लघवी जास्त करणारी गोळी रात्री घेत असाल तर वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बदलू नका. बद्धकोष्ठ असेल तर आधी ते सोडवा, भरलेलं आतडं मूत्राशयावर रेलतं.

शिल्लक जास्त असणाऱ्यांनी बसून लघवी करावी, उठून मिनिट-दोन मिनिटं थांबावं आणि पुन्हा एकदा बसावं. झोपण्याआधी तर हे नक्की करा. जोर लावायचा नाही.

मग गोळी, गरज असेल तरच. टॅम्सुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन या गटातली औषधं मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू सैल करतात. ग्रंथी लहान करत नाहीत. फरक काही दिवसांत जाणवू लागतो, पण निकाल चार आठवड्यांनीच लावा. टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅम रोज त्याच वेळी, जेवणानंतर घेतात.

सावधान: या गोळ्यांनी उभं राहताना रक्तदाब खाली येऊ शकतो. रात्री उठणाऱ्या माणसाला नेमका हाच धोका असतो. जाग आली की पाय खाली सोडून मिनिटभर बसा, दिवा लावा, मगच उठा. लिंगाच्या ताठरतेसाठी सिल्डेनाफिलसारखं औषध घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. वीर्य बाहेर कमी येणं किंवा न येणं हा माहीत असलेला परिणाम आहे, घाबरायचं कारण नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी आधी सांगा, बंद करून बरेच दिवस झाले असले तरी. तिच्यामुळे ऑपरेशनमध्ये बुबुळ ढिलं पडतं.

ग्रंथी ३०-४० ग्रॅमच्या वर असेल तर फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड जोडतात. ही ग्रंथी हळूहळू लहान करतात, पण परिणाम दिसायला सहा महिने लागतात. दोन महिन्यांत ‘काहीच फरक नाही’ म्हणून सोडणारे पुष्कळ असतात, ते मधले पैसे आणि वेळ दोन्ही घालवतात. गरोदर स्त्रीने फुटलेल्या गोळीला हात लावू नये.

ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन, सोलिफेनासिन ही औषधं मूत्राशय शांत करतात, म्हणजेच त्याचा जोर कमी करतात. शिल्लक मोजल्याशिवाय ती सुरू करू नयेत. डेस्मोप्रेसिन रात्रीची लघवी कमी करतं, पण वयस्कर माणसात रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. सोडियम आधी आणि सुरू केल्यानंतर काही दिवसांत तपासायची तयारी असेल तरच, आणि फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

## टप्पा ७ : पुन्हा मोजा, मगच पुढचं ठरवा

चार ते सहा आठवड्यांनी शिल्लक त्याच पद्धतीने मोजा: तेवढंच पाणी, पाच-दहा मिनिटांत दुसरं स्कॅनिंग. वहीही दोन-तीन दिवस पुन्हा लिहा. पहिला आकडा ६४० मिली भरलेल्या मूत्राशयाचा आणि दुसरा ३०० चा, अशी तुलना करून ‘गोळी लागू पडली’ म्हणणं ही फसवणूक आहे.

ऑपरेशनचा विषय या कारणांनी येतो: लघवी पुन्हा पुन्हा अडणं, मूत्राशयात खडे, वारंवार संसर्ग, प्रोस्टेटमधून सतत रक्त, अडथळ्यामुळे मूत्रपिंडावर परिणाम, किंवा औषधांनंतरही न सुटणारा त्रास. शिल्लक जास्त आणि धार मंद, पण जुना मधुमेह किंवा मज्जासंस्थेचा आजार असेल तर आधी ‘युरोडायनॅमिक्स’ करून मूत्राशयात जोर उरला आहे का ते पाहून घ्या. जोरच नसेल तर वाट मोकळी करूनही शिल्लक तशीच राहू शकते.

फक्त रात्री उठावं लागतं या एका कारणासाठी ऑपरेशनला तयार होण्याआधी वहीतला टक्केवारीचा आकडा पुन्हा एकदा पाहा. धार आणि शिल्लक ऑपरेशनने चांगली सुधारतात. रात्रीचं उठणं किती कमी होईल याची हमी मात्र सर्वांत कमी असते, आणि ज्याचा वाटा ५२ टक्के आहे त्याची मूत्रपिंडं ऑपरेशननंतरही रात्री तेवढीच लघवी बनवत राहतात.

आपल्या गृहस्थांच्या संध्याकाळी घोट्यांवर मोज्यांचे खोल वळ उमटत होते. डॉक्टरांनी हृदय आणि मूत्रपिंड तपासून अम्लोडिपिनच्या जागी दुसरी गोळी दिली, दुपारी पाय उंच ठेवायला सांगितले, रात्रीच्या जेवणानंतरचे दोन ग्लास पाणी संध्याकाळी सहाच्या आत घ्यायला लावले. सहा आठवड्यांनी वहीत रात्रीचे ७०० आणि चोवीस तासांचे २१०० आले. वाटा ३३ टक्के, रात्रीची फेरी एक. शिल्लक ५५. ग्रंथी अजूनही ४० ग्रॅमचीच आहे.